सरबताच्या रांगेतली बाटली

दुकान नवरा-बायको दोघांचं होतं आणि कामाची वाटणी कधी बसून ठरवावी लागली नव्हती. माल आणायचा त्याने, विकायचा तिने. तो पहाटे ठोक बाजारात जायचा, भाव करायचा, खोकी उतरवून घ्यायचा आणि मागच्या खोलीत रचायचा. पुढे काउंटरवर ती. काउंटर दाराला आडवं होतं, नदीवर धरण बांधावं तसं, त्यामुळे गिऱ्हाईक उंबऱ्याशी थांबायचं आणि मागेल ते ती आतून काढून द्यायची. नुसतं काढून देऊन ती थांबायची नाही. कुणी टॉर्चचे सेल मागितले की म्हणायची, "मेणबत्त्या आहेत ना घरात?" कुणी वही मागितली की, "पेनात शाई आहे का लेकीच्या?" माणूस एका वस्तूसाठी यायचा आणि पिशवी भरून, वर चार गप्पा मारून जायचा. त्या दुकानात कुठली वस्तू कुठे आहे हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. साबणाच्या मागे दोऱ्याची रिळं, रिळांच्या वर पापडाच्या डब्यासारखा एक डबा, त्यात बल्ब. तिचा हात न बघता तिथे जायचा.

मग ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिथून ती परत आलीच नाही. मुलगी लांबच्या गावाहून आली, राहिली, आणि स्वतःच्या संसाराकडे परतली. दुकानदाराने कुलूप काढलं आणि काउंटरमागे तिच्या जागी जाऊन बसला.

तो रडला नाही. लोकांना वाटलं, धीराचा माणूस आहे. त्याला स्वतःला तसं काही वाटत नव्हतं. त्याला काहीच वाटत नव्हतं. दात काढल्यावर गाल जसा बधिर होतो, हात लावला तर कुणा दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग झालं होतं. जेवायची वेळ झाली की जेवायचा. चहात साखर पडली की नाही, ते त्याच्या लक्षात यायचं नाही. गिऱ्हाईकाने सेल मागितले की सेल द्यायचा, आणि मेणबत्त्यांचं नाव त्याच्या तोंडून निघायचं नाही. वस्तू सापडली नाही तर "नाही" म्हणायचा. बल्ब समोर डब्यात असताना त्याने कितीजणांना बल्ब नाही म्हणून परत पाठवलं, त्याची गणती नाही. दुकानाला हळूहळू ओहोटी लागली. शेजारचा शिंपी अधूनमधून मशीन थांबवून डोकवायचा आणि म्हणायचा, "काय दादा, आज दुकानात माश्यासुद्धा नाहीत." दादा मान हलवायचा.

शेवटी धाकटी मेहुणी आली. तिचं नाव घरात कुणी घेतच नसे. बहिणीने लहानपणी 'छोटी' म्हटलं आणि आता केसांत पांढरं आलं तरी ती छोटीच होती. ती शहरातल्या एका मोठ्या दुकानात कामाला होती. तिचं कामच मुळी मांडणीचं. कुठल्या फळीवर काय, काचेत काय, दाराशी काय. सुट्टी काढून ती आली, पिशवी खाली ठेवली, आणि बराच वेळ रस्त्याच्या पलीकडे उभी राहून दुकानाकडे बघत राहिली.

आत येऊन म्हणाली, "भावजी, रस्त्यावरून तुमच्या दुकानात काय मिळतं ते कळत नाही. वर पाकिटांच्या माळा टांगल्यात, त्यांनी उजेड अडवलाय. काचेत इतकं कोंबलंय की एकही वस्तू दिसत नाही."

"तुझ्या ताईला सगळं सापडायचं."

"ताईला सापडायचं. आणि ती बोलायची. तुम्ही मूग गिळून बसता. आता बोलायचं कुणी?"

त्याने काउंटरवरची धूळ हाताने पुसली.

"तुम्ही बोलू नका," छोटी जरा नरमाईने म्हणाली. "माल नुसता दिसू द्या. दिसला की लोक आपणहून घेतात."

त्याने नाही म्हटलं नाही. हो म्हणायलाही त्याला जड जात होतं, पण नाही म्हणायला जे लागतं ते तर त्याच्यात शिल्लकच नव्हतं. छोटीने शिंप्याला हाताशी धरलं आणि आडवं काउंटर उचलून आत शिरताना डाव्या हाताला, भिंतीलगत लावलं. दार मोकळं झालं. माळा खाली उतरल्या. काचेतला सगळा पसारा काढून तिने तिथे फक्त शाळेचं सामान ठेवलं, कारण दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडायला आल्या होत्या: एक उघडी वही, रंगपेटी, पाण्याची बाटली, आणि भोवती रिकामी जागा.

"रिकामी कशाला सोडलीस?" शिंप्याने विचारलं. त्याला ते बघवत नव्हतं.

"रिकामं असलं की नजर थांबते. तुम्ही कोटाला सगळीकडे बटणं लावता का?"

शिंपी हसला आणि तिच्या बाजूचा झाला.

तीन भिंती होत्या. छोटीने एकेक भिंत मोकळी केली, फळ्या पुसल्या, आणि हात चालवता चालवता ती भावजींना सांगत गेली. आत आलेला माणूस बहुतेक उजवीकडे वळतो, म्हणून उजव्या भिंतीला नवा माल, ज्याची लोकांना आठवण करून द्यायची तो. मीठ, साखर, चहापूड हे सगळं मागच्या भिंतीला, कारण ते माणूस शोधत येणारच. जाता-येता बाकीचं त्याच्या नजरेखालून जाऊ दे. छातीपासून डोळ्यांपर्यंतची फळी सगळ्यात मोलाची. ज्यात आपल्याला दोन पैसे जास्त सुटतात ते तिथे. जड डबे खाली. एकाच जातीचा माल आडवा पसरायचा नाही, वरून खाली उभा लावायचा, म्हणजे चालणाऱ्याच्या डोळ्यांपुढून एकामागून एक सगळ्या जाती जातात. ब्रशपाशी पेस्ट, सेलपाशी टॉर्च, टॉर्चपाशी मेणबत्त्या, मेणबत्त्यांपाशी काडेपेट्या. ज्या गोष्टी ताई तोंडाने जोडायची, त्या छोटी हाताने जोडत होती. फळीच्या कडेला किमतीच्या चिठ्ठ्या डकवल्या. "भाव विचारायला लोकांना संकोच वाटतो. न विचारता निघून जातात, आणि आपल्याला कळतही नाही."

मधोमध बिस्किटांच्या पुड्यांची छान निमुळती रास रचली, आणि लगेच तिच्यातले वरचे एक-दोन पुडे काढून टाकले.

"मोडलीस की," शिंपी म्हणाला.

"अख्ख्या राशीला हात लावायला माणूस बिचकतो. कुणीतरी आधी घेतलंय असं दिसलं की त्याचाही हात जातो." मग ती भावजींकडे वळली. "पण हे राशीपुरतं. रांगेत भोक दिसू द्यायचं नाही. पुढची वस्तू गेली की मागची पुढे ओढायची, नाव पुढे करून. संपलाच माल तर शेजारचा, त्याच जातीचा, सरकवून पसरायचा. आणि खायचं-प्यायचं या भिंतीला, धुण्यापुसण्याचं त्या भिंतीला. त्यांची भेट होऊ द्यायची नाही. ऐकताय ना?"

"हो," तो म्हणाला. रांगेत भोक दिसू द्यायचं नाही, एवढं त्याने ऐकलं होतं.

छोटी परत गेली आणि मांडणीने काम सुरू केलं. खरंच केलं. लोक आत येऊ लागले. आधी उंबऱ्याशी थबकायचे, सवयीने हाक मारायचे, मग कुणीतरी आत पाऊल टाकायचं आणि उजवीकडे वळायचं. "अय्या, हेपण ठेवता का तुम्ही?" असं बायका म्हणायच्या, आणि ती वस्तू वर्षानुवर्षं तिथे मागे कुठेतरी असायची. साबणाला आलेली बाई जाताना ब्रश, कंगवा आणि केसांची पिन घेऊन जायची. काउंटरवर छोटीने रबरबँड, सेफ्टी पिना आणि खोकल्याच्या गोळ्या ठेवल्या होत्या. सुट्टे परत घेताना लोक त्यातलं काहीतरी उचलायचेच. गल्ला संध्याकाळी जड लागू लागला. छोटीचा फोन आला की तो सांगायचा, "बरं चाललंय." ते खरं होतं.

त्याला सगळ्यात सोयीचं हे झालं होतं की आता कुणाशी बोलावं लागत नव्हतं. लोक स्वतः बघायचे, स्वतः उचलायचे, काउंटरवर आणून ठेवायचे. तो किंमत लावायचा, पिशवीत घालायचा, पैसे घ्यायचा. कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज उरली नव्हती. हात तेवढे चालत होते. दुपारी गर्दी ओसरली की तो उठायचा आणि रांगा पुढे ओढायचा. ते काम त्याला जमत होतं, कदाचित आवडतही होतं, आवडणं म्हणजे काय ते आठवलं असतं तर. सगळी लेबलं पुढे, सगळ्या रांगा भरलेल्या, कुठे फट नाही. ते झालं की तो परत जाऊन बसायचा.

उन्हाळा तापला तशी लिंबाच्या सरबताची बाटली भराभर जाऊ लागली. घट्ट सरबत, पाण्यात मिसळून प्यायचं, पिवळी बाटली, वर लिंबाचं चित्र. छोटीने ती उजव्या भिंतीला, डोळ्यांच्या उंचीवर लावली होती आणि शेजारी उभे पेले ठेवले होते. एके दुपारी ती रांग अर्धी झाली. दुकानदार मागच्या खोलीत गेला. सरबताचं खोकं रिकामं होतं. तो फळीपुढे येऊन उभा राहिला. रांगेला भोक पडलं होतं. शेजारी पसरायला त्याच जातीचं दुसरं काही नव्हतं. मग त्याने पलीकडच्या भिंतीवरून उरलेल्या दोन बाटल्या आणल्या आणि त्या भोकात लावल्या. पिवळ्या, तशाच उंचीच्या, वर लिंबाचं चित्र. लेबल पुढे केलं. रांग भरली. दुरून बघितलं तर काही कळत नव्हतं. त्याने हात पुसले.

ते फरशी पुसायचं लिक्विड होतं.

त्याने वाचलं नव्हतं असं नाही. त्याने नाव बघितलं असणार. लेबल पुढे करायचं तर नाव दिसतंच. पण बघणं आणि कळणं यांच्यामध्ये त्याच्या डोक्यात तेव्हा एक बंद दार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई आल्या. दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. एकट्या राहायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि ऑपरेशन त्या आज करू, उद्या करू म्हणून ढकलत होत्या. दुसऱ्यांच्या ऑपरेशनला उभं राहायला त्या कधी घाबरल्या नव्हत्या. स्वतःच्या बाबतीत त्यांची पाचावर धारण बसायची.

"पुतण्या येतोय, मुलांना घेऊन," त्या फळीकडे हात नेत म्हणाल्या. "सरबत इथेच असतं ना?"

"हं," तो म्हणाला.

त्यांनी रांगेतली पुढची बाटली घेतली, बिस्किटांचा एक पुडा घेतला. काउंटरवर ठेवलं. त्याने किंमत लावली, पिशवीत घातलं. बाटली त्याच्या हातातून गेली.

दुपारी एक बाई फरशीचं लिक्विड मागत आली. नेहमीच्या फळीवर ते नव्हतं.

"कालच बघितलं होतं मी इथे," बाई म्हणाली.

दुकानदार त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. काल इथे होतं. मग कुठे गेलं? कुणी नेलं? कुणी नाही, त्यानेच नेलं. पलीकडच्या भिंतीला. कशाला नेलं? रांग भरायला. कुठली रांग?

तो सरबताच्या फळीपाशी गेला. लिक्विडची एकच बाटली होती. तिचं नाव त्याने वाचलं, आणि या वेळी ते त्याला कळलं. सकाळचं सगळं डोळ्यांपुढे आलं: नर्सबाईंचा चाचपडणारा हात, पुतण्याची मुलं, पिशवीत जाणारी पिवळी बाटली. खिशातून फोन काढून त्याने नर्सबाईंना लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला.

त्याने दुकान तसंच टाकलं आणि धावत सुटला. बाई मागून काहीतरी म्हणाली. शिंप्याने मशीनवरून मान वर केली तोवर तो कोपऱ्यावरून वळलाही होता. किती दिवसांत तो चालण्यापेक्षा जोरात हलला नव्हता. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं, चप्पल एका पायातून निघाली, ती उचलायला तो थांबला नाही. रस्ता तापलेला होता आणि तळपाय भाजत होता. भाजतंय, हे त्याला कळत होतं. नर्सबाईंच्या इमारतीचा जिना चढताना कठडा धरून त्याने स्वतःला वर ओढलं आणि दार ठोठावलं.

दार त्यांनी स्वतःच उघडलं.

"बाटली," तो म्हणाला.

"या आत," त्या म्हणाल्या.

खोलीत पुतण्या उभा होता. त्याची मोठी मुलगी भिंतीला टेकून बसली होती. धाकटा, पाचेक वर्षांचा, खुर्चीवर, सदरा ओला, तोंड फुगवून. टेबलावर ट्रेमध्ये पेले होते, सगळे पालथे.

"मी पाणी घालून ढवळलं तर वर फेस आला," नर्सबाई म्हणाल्या. "सरबताला कुठला फेस? म्हणून वास घ्यायला बाटली तोंडाशी धरली, तेवढ्यात या बहाद्दराने पेला उचलला होता. एक घोट. अर्धा थुंकला. तोंड खळखळून धुतलं, पाणी प्यायला दिलं. उलटी करवली नाही, तशी करवायची नसते. डॉक्टरांना फोन केला, बाटलीवरचं सगळं पुतण्याला वाचायला लावून त्यांना ऐकवलं. घाबरायचं कारण नाही म्हणाले, नजर ठेवा म्हणाले. त्या गडबडीत तुमचा फोन राहिला."

दुकानदार मुलाकडे बघत होता. मुलाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कडू होतं."

आता पुतण्या हळू आवाजात बोलला, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही दुकानात बसता ना? तिथे बसून काय करता?"

"अरे, मलाच दिसलं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांचं तुला माहीत आहे."

"त्यांच्या डोळ्यांचं नाही," दुकानदार म्हणाला. "मी ठेवली ती तिथे. सरबतात. आणि पिशवीत मीच घातली. माझ्या हातात होती."

"का ठेवली?" पुतण्याने विचारलं.

रांगेत जागा रिकामी दिसत होती, हे उत्तर त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. ते उत्तर त्या ओल्या सदऱ्यापुढे कसं ठेवायचं?

"निघा तुम्ही," पुतण्या म्हणाला.

"थांबू दे त्यांना," नर्सबाई म्हणाल्या. "पाय बघ त्यांचा."

तो दाराजवळ जमिनीवर बसला. नर्सबाईंनी चाचपडत त्याच्या पायावर ओला फडका ठेवला. तो बसून राहिला आणि मुलाच्या छातीकडे बघत राहिला, श्वास खाली-वर होतो का ते. मूल कंटाळून झोपलं, उठलं, भूक लागली म्हणालं, पोळीचा तुकडा खाल्ला आणि बहिणीशी भांडलं. डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. आता काळजी नको म्हणाले. तेव्हा कुठे तो उठला. पुतण्याकडे बघून हात जोडले. पुतण्याने मान दुसरीकडे वळवली, आणि ते योग्यच होतं.

दुकानात शिंपी काउंटरवर बसला होता, गळ्यात टेप तसाच. लिक्विडवाली बाई उरलेली बाटली घेऊन गेली होती. कोपऱ्यावर सापडलेली चप्पल शिंप्याने दाराशी ठेवली होती.

छोटी पुढच्याच सुट्टीला आली. फोनवर ऐकल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. येताच म्हणाली, "भावजी, चूक माझी आहे. मी तुम्हाला तुमच्या भरवशावर सोडून जायला नको होतं. काउंटर परत आडवं लावू. सगळं आत, तुमच्या हाताखाली. लोकांनी मागावं, तुम्ही द्यावं."

"नको," तो म्हणाला.

"मग?"

"मांडणी बरोबर आहे. लोक येतात, बघतात, घेतात. मी बघत नव्हतो." मग तो म्हणाला, "मला बरं वाटत होतं, बघावं लागत नाही म्हणून."

छोटी खाली बसली. बहीण गेल्यापासून या माणसाच्या तोंडून एवढी वाक्यं तिने ऐकली नव्हती. तिने रडून घेतलं. तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि तिला पाणी दिलं. त्याला रडू आलं नाही.

मग दोघे कामाला लागले. फिनाइल, लिक्विड, संडास धुण्याचं ॲसिड असलं सगळं त्यांनी भिंतीवरून काढलं आणि काउंटरमागे उंच फळीवर नेलं. आता ते मागावं लागणार होतं.

"खप थोडा कमी होईल," छोटी म्हणाली. "जे दिसतं पण हाताला येत नाही ते लोक कमी घेतात."

"होऊ दे."

मोकळ्या झालेल्या फळीवर काय लावायचं, हे तिने त्याला ठरवू दिलं. तो बराच वेळ तिथे उभा राहिला. मग झाडू, खराटे, फरशीची फडकी आणि बादल्या आणून लावल्या, बादल्या खाली, फडकी हाताशी.

"हे बघून लोकांना लिक्विड आठवेल," तो म्हणाला. "मग मागतील."

"हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं," छोटी म्हणाली. सरबताचा माल अजून आला नव्हता. ती रांग त्याने तशीच मोकळी ठेवली आणि तिथे चिठ्ठी लावली: सरबत संपलं आहे. छोटीने ती चिठ्ठी बघितली आणि तिचा सुटलेला कोपरा नीट चिकटवला.

त्या दिवसापासून काउंटरवर आलेली प्रत्येक वस्तू तो हातात धरून तिचं नाव मोठ्याने घ्यायचा आणि मगच पिशवीत घालायचा. "कपड्यांचा साबण. कंगवा. काडेपेटी." लोकांना आधी वाटलं, दुःखाने माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करायची. शिंपी म्हणायचा, "दादा, रेल्वे स्टेशनवर नोकरी बघा, गाड्या सांगायला." पण नाव घ्यायचं तर वस्तू बघावी लागायची, आणि नाव घेतलं की गिऱ्हाईक "हो" म्हणायचं, म्हणजे त्याच्याकडेही बघावं लागायचं. कधीकधी कुणी म्हणायचं, "अहो, हा नको होता, दुसरा हवा होता," आणि तो उठून बदलून द्यायचा. आतून तो अजून तसाच होता, बराचसा. चहात साखर आहे की नाही ते कळायला लागलं होतं, एवढंच.

नर्सबाई बरेच दिवस दिसल्या नाहीत. त्या दिवसाच्या धसक्याने त्यांनी स्वतःहून डॉक्टर गाठला होता आणि दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन एकापाठोपाठ उरकून घेतलं होतं. आल्या तेव्हा काळा चष्मा लावून आल्या. दारात उभं राहून चष्मा काढला आणि मान सावकाश फिरवत सगळ्या भिंती बघितल्या.

"केवढे रंग आहेत तुमच्या दुकानात," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, सगळं करडंच आहे."

मग त्या उजवीकडे वळल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण उजवीकडेच वळल्या. नव्या पेल्यांपाशी थांबल्या, एक उचलून उजेडात धरला. टाल्कम पावडर घेतली, पुतण्याच्या मुलांना म्हणून एक रंगपेटी घेतली. मुलगा कसा आहे, ते त्याने विचारलं. "झाडावर चढतो आणि पडतो," त्या म्हणाल्या. "पुतण्या अजून तुमचं नाव काढलं की चिडतो. चिडू दे. बाप आहे."

"हो," तो म्हणाला. "पेला. टाल्कम पावडर. रंगपेटी."

त्या काउंटरवर वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तो नीट दिसत होता.

"किती वाळलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "काय करून घेतलंय हे?"

त्यांना सगळं माहीत होतं. तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशी त्याच सोबत आल्या होत्या. सगळ्या वस्तीला माहीत होतं, म्हणून त्याला ते कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

"बायको गेली माझी," तो म्हणाला.

"हो," नर्सबाई म्हणाल्या.

मागे एक माणूस हातात बल्ब घेऊन उभा होता. तो घाई करत नव्हता. दुकानदाराने पेला कागदात गुंडाळला, कडा नीट दाबल्या, पिशवीत ठेवला, आणि पिशवी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या हातात दिली.